विक्रीचा टक्का की कामाचा हिशेब? एका कूलर दुकानाच्या जाहिरात बजेटचं गणित

नागपुरात कूलरचा धंदा साडेचार महिन्यांचा. फेब्रुवारीत जुने कूलर माळ्यावरून खाली उतरतात, होळीनंतर नव्यांची चौकशी सुरू होते, एप्रिल-मे भर जोरात जातात आणि जूनच्या मध्याला पहिला दमदार पाऊस पडला की गल्ला शांत होतो. अशा धंद्यात जाहिरातीवर किती पैसे घालायचे, हा प्रश्न जानेवारीतच सोडवावा लागतो. तो सोडवण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. एकीत विक्रीचा ठरावीक टक्का जाहिरातीसाठी बाजूला काढतात. दुसरीत आधी उद्दिष्ट ठरवतात, ते गाठायला कोणती कामं करावी लागतील ते लिहितात, प्रत्येक कामाचा खर्च काढतात आणि त्या खर्चांची बेरीज म्हणजे बजेट. दोन्ही पद्धती एकाच दुकानावर लावून पाहिल्या की त्यांच्यातला फरक नीट कळतो.

दुकान काल्पनिक आहे, पण आकडे अशा धंद्यात सहज बसतील असे घेतले आहेत. समजा, नंदनवन भागात लोखंडी बॉडीचे कूलर बनवून विकणारं एक दुकान आहे. गेल्या हंगामात १,५०० कूलर गेले. जीएसटी सोडून सरासरी भाव ८,००० रुपये, म्हणजे विक्री १ कोटी २० लाख. पत्रा, मोटर, पंप, पॅड, मजुरी आणि घरपोच पोहोचवण्याचा खर्च वजा केला की एका कूलरमागे २,००० रुपये उरतात. दुकानाचं भाडं आणि कायम पगार यातूनच जायचे आहेत. मालकांना यंदा ३०० कूलर जास्त विकायचे आहेत, आणि तेही मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात. तिथे नव्या इमारती भरत चालल्या आहेत आणि सध्या या दुकानाचे जेमतेम १०० कूलर तिकडे जातात.

टक्क्याची पद्धत काय सांगते

समजा, हे दुकान वर्षानुवर्षं विक्रीच्या ३ टक्के जाहिरातीवर खर्च करतं. १ कोटी २० लाखांचे ३ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. हिशेब दोन मिनिटांत संपतो. घरच्यांना पटतो, सीएंना पटतो आणि खर्च हाताबाहेर जाण्याची भीती राहत नाही. लहान दुकानं याच पद्धतीने चालतात त्यामागे ही सोय आहे, आणि ती खरी सोय आहे.

या सोप्या हिशेबातही एक चूक वारंवार होते. टक्का नेमका कशावर काढायचा? बिलावरची रक्कम धरली तर तिच्यात जीएसटी असतो. ८,००० च्या कूलरवर १८ टक्के कर धरून बिल ९,४४० रुपयांचं होतं. १,५०० बिलांची बेरीज १ कोटी ४१ लाख ६० हजार होते आणि तिचे ३ टक्के सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे जवळपास ६५ हजार रुपये अशा रकमेच्या जोरावर वाढले जी दुकानाची कधी नव्हतीच, सरकारची होती. म्हणून टक्का नेहमी कर वगळलेल्या विक्रीवर काढावा, आणि परत आलेला माल त्यातून वजा करावा.

दुसरा घोळ वर्षाचा. हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण कूलरचा हंगाम त्या तारखेला ऐन भरात येत असतो. ३१ मार्चपर्यंतच्या विक्रीवरून बजेट ठरवलं तर फेब्रुवारी-मार्चचा खर्च एका वर्षात पडतो आणि त्या खर्चाने आणलेली विक्री दुसऱ्या वर्षात दिसते. कूलरवाल्याने जाहिरातीपुरतं जुलै ते जून असं वर्ष धरलं की खर्च आणि त्याचं फळ एकाच पानावर येतात.

हे दोन्ही दुरुस्त केले तरी पद्धतीच्या मुळातली अडचण जात नाही. जाहिरात करायची ती विक्री व्हावी म्हणून. इथे मात्र आधी विक्री होते आणि तिच्यामागून जाहिरात ठरते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जोएल डीन यांनी १९५१ साली या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला होता. कूलरच्या धंद्यात त्याचा फटका कसा बसतो ते पाहा. समजा, एखाद्या वर्षी एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, मे अर्धा ढगाळ गेला आणि १,५०० ऐवजी १,२०० कूलर विकले गेले. विक्री ९६ लाखांवर आली. पुढच्या वर्षीचं बजेट आपोआप २ लाख ८८ हजार झालं. विक्री पडली ती पावसामुळे, आणि कात्री लागली जाहिरातीला. पुढचा उन्हाळा नेहमीसारखा कडक आला तर गिऱ्हाईक बाजारात असेल, पण हे दुकान त्याला कमी दिसेल. एका वर्षाचा पाऊस असा दोन वर्षं नडतो.

उलटही होतं. कडक उन्हाळ्यात १,८०० कूलर गेले तर पुढच्या वर्षी ४ लाख ३२ हजार हाती येतात. ती वाढ उन्हाने दिलेली असते, पण वहीत ती जाहिरातीच्या नावावर जमा झाल्यासारखी दिसते आणि वाढीव ७२ हजार कशासाठी लागणार आहेत हे कोणी विचारत नाही. पैसे आहेत म्हणून एक होर्डिंग जास्त घेतलं जातं.

काही दुकानदार ही अडचण टाळायला गेल्या वर्षाऐवजी येत्या वर्षाच्या अंदाजावर टक्का लावतात. आपल्या दुकानाला १,८०० कूलर विकायचे आहेत, म्हणून १ कोटी ४४ लाखांचे ३ टक्के, ४ लाख ३२ हजार. हे थोडं बरं आहे, कारण निदान नजर पुढे आहे. पण १,८०० हा आकडा कुठून येणार आणि ४ लाख ३२ हजारांत तो येईल का, याचं उत्तर इथेही मिळत नाही. मनीषनगरमधल्या नव्या गिऱ्हाइकाला आणण्याचा खर्च आणि महाल भागातल्या जुन्या गिऱ्हाइकाला परत बोलावण्याचा खर्च ३ टक्क्यांत एकाच भावाने मोजला जातो. प्रत्यक्षात पहिल्याला दुकानाचं नावही माहीत नसतं आणि दुसऱ्याला एक फोन पुरतो.

आणखी एक मुद्दा टक्का दुसऱ्याकडून उचलणाऱ्यांसाठी. "सगळे ५ टक्के ठेवतात" हे वाक्य बाजारात फार फिरतं. पण ५ टक्के जास्त की कमी हे विक्रीवरून कळत नाही, उरणाऱ्या पैशावरून कळतं. आपल्या कूलरवाल्याला विक्रीमागे २५ टक्के उरतात, तेव्हा ५ टक्के जाहिरात म्हणजे उरलेल्यातला पाचवा हिस्सा. किराणा दुकानात विक्रीमागे १० टक्के उरत असतील तर तीच ५ टक्के जाहिरात अर्धी कमाई खाते. एखाद्या कोचिंग क्लासला फीमधले ६० टक्के उरत असतील तर त्याला ५ टक्के जाणवतही नाहीत. दुसऱ्याचा टक्का उचलण्याआधी त्याला एका बिलामागे किती उरतात ते माहीत हवं, आणि ते बहुतेक वेळा माहीत नसतं.

उद्दिष्टाकडून खर्चाकडे

दुसरी पद्धत उलट्या टोकाने सुरू होते, आणि सुरुवातीलाच अडखळते, कारण बहुतेकांचं उद्दिष्ट "नाव व्हायला पाहिजे" असं असतं. यावरून खर्च काढता येत नाही. व्यवस्थापन सल्लागार रसेल कॉली यांनी १९६१ साली जाहिरातीच्या उद्दिष्टांसाठी जी शिस्त मांडली तिचा गाभा आजही उपयोगी आहे: कोणामध्ये, किती, आणि केव्हापर्यंत, हे लिहून काढा आणि आज आपण कुठे आहोत तेही लिहा. आपल्या दुकानाचं उद्दिष्ट असं लिहिता येईल: मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात आज १०० कूलर जातात, ते ३१ मे पर्यंत ४०० करायचे, आणि बाकी शहरातली १,४०० ची विक्री टिकवायची.

या वाक्यात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचं बजेटही वेगळं काढायचं. टिकवण्याच्या कामाकडे लोक दुर्लक्ष करतात. सगळा पैसा नव्या भागात ओततात आणि जुना गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातो. टिकवण्यासाठी समजा एवढं लागेल: गेल्या काही वर्षांतल्या गिऱ्हाइकांना फोन करायला दोन महिन्यांसाठी एक माणूस आणि फेब्रुवारीत पंप-पॅड बदलून देण्याचं सर्व्हिस शिबिर, ३० हजार. पाटी, दुकानाचे फोटो, नकाशावरची नोंद ताजी ठेवणं, २० हजार. जुन्या भागांत वर्तमानपत्रातून पत्रकं, ६० हजार. काटोल, उमरेडच्या दुकानदारांकडे पाट्या आणि नमुन्याचे कूलर, ५० हजार. एकूण १ लाख ६० हजार.

आता नवे ३०० कूलर. इथे शेवटाकडून मागे मोजत यायचं. कूलर विकला जाण्याआधी माणूस दुकानात येतो, दुकानात येण्याआधी चौकशी करतो. शंभर चौकश्यांपैकी किती जण येतात आणि आलेल्यांपैकी किती जण घेतात, हे दोन दर कळले की किती चौकश्या लागतील ते निघतं. पण एक काळजी घ्यायची. हे दर प्रत्येक मार्गासाठी वेगळे असतात, त्यांची सरासरी काढली की हिशेब फसतो.

पहिला मार्ग सोसायटीत जाऊन कूलर दाखवण्याचा. रविवारी सकाळी टेम्पोत तीन कूलर न्यायचे, त्यातला एक खिडकीत बसणारा, कारण फ्लॅटमध्ये मागे अंगण नसतं आणि पहिला प्रश्न "बसवायचा कुठे" हाच येतो. टेम्पो, दोन माणसं, सोसायटीची परवानगी, पत्रकं मिळून एका वेळेचा खर्च ६,००० रुपये धरू. अशा एका फेरीत ४० जण नाव-नंबर देतात, त्यातले निम्मे दुकानात येतात आणि आलेल्यांपैकी १०० मागे ४० जण घेतात. म्हणजे एका फेरीतून ८ कूलर. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतच्या रविवारी, कधी एक तर कधी दोन करत, २० फेऱ्या झाल्या तर खर्च १ लाख २० हजार आणि कूलर १६०. एका कूलरमागे ७५० रुपये.

या फेऱ्या हव्या तेवढ्या वाढवता येत नाहीत, हे इथेच लिहून ठेवायला हवं. रविवार मोजके, परवानगी देणाऱ्या सोसायट्या मोजक्या आणि कूलर समजावून सांगू शकणारी माणसं त्याहून मोजकी. म्हणून उरलेल्या १४० कूलरसाठी दुसरा मार्ग लागतो, तो फोनवरच्या जाहिरातींचा. फक्त त्या पट्ट्यातल्या लोकांना दिसतील अशा फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती. समजा, एक चौकशी ८० रुपयांना पडते. पण ही चौकशी कच्ची असते. सोफ्यावर बसून बटण दाबलेलं असतं. शंभरातले २० जण दुकानात येतात आणि आलेल्यांतले ३० टक्के घेतात. म्हणजे १०० चौकश्यांतून ६ कूलर. १४० कूलरसाठी सुमारे २,३३३ चौकश्या, खर्च १ लाख ८७ हजार. एका कूलरमागे १,३३३ रुपये.

सोसायटीतली चौकशी १५० रुपयांना पडते आणि फोनवरची ८० रुपयांना. नुसत्या चौकशीच्या भावाकडे पाहणारा फोनवरच्या जाहिराती वाढवेल आणि फेऱ्या बंद करेल. विकलेल्या कूलरच्या भावाने पाहिलं तर चित्र बरोबर उलटं आहे. या पद्धतीत पैसा सर्वांत जास्त इथेच वाया जातो, म्हणून शेवटचा भाव निघेपर्यंत हिशेब अर्धवट समजावा.

दोन्ही मार्गांना मिळून आणखी दोन खर्च आहेत. तीन महिने चौकश्यांचे फोन उचलायला एक माणूस, ४२ हजार. फोटो आणि छोटे व्हिडिओ, २५ हजार. चौकशीला दुपारी फोन केला आणि उत्तर रात्री मिळालं तर ४३ अंशांच्या गरमीत तो माणूस तोवर दुसरीकडून कूलर घेऊन मोकळा झालेला असतो, तेव्हा हा पगार वाचवण्यात अर्थ नाही. नव्या भागाची बेरीज झाली ३ लाख ७४ हजार. टिकवण्याचे १ लाख ६० हजार धरून एकूण ५ लाख ३४ हजार.

जाहिरातीच्या बिलावरही जीएसटी असतो. दुकान नियमित करदाता असेल तर त्याची वजावट मिळते, म्हणून वरचे आकडे कर सोडून धरायचे. विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला ती वजावट मिळत नाही, त्याने पूर्ण बिल खर्चात धरावं. त्याच्यासाठी ८० रुपयांची चौकशी जवळपास ९४ रुपयांची होते.

बेरीज मोठी आली, आता?

टक्क्याने ३ लाख ६० हजार दिले होते, कामाच्या हिशेबाने ५ लाख ३४ हजार मागितले. इथे बहुतेक मालक एक चूक करतात: उद्दिष्ट तसंच ठेवतात आणि प्रत्येक कामातून थोडं थोडं छाटतात. फेऱ्या २० च्या १४, जाहिराती तीन महिन्यांच्या दोन महिने, फोनवरचा माणूस अर्धवेळ. कागदावर बजेट बसतं. पण १४ फेऱ्यांतून ११२ च कूलर येणार, आणि मे संपल्यावर "जाहिरातीचा काही उपयोग नाही" असा निष्कर्ष निघणार. खर्च कमी करायचा तर उद्दिष्टही त्याच प्रमाणात खाली आणायला हवं, आणि कोणतं काम गाळायचं ते ठरवायला हवं.

ते ठरवायला एकच प्रश्न पुरतो: शेवटचा रुपया काय कमावतो? ३०० जादा कूलरमागे २,००० प्रमाणे ६ लाख उरतील. त्यासाठी जाहिरातीवर ३ लाख ७४ हजार जातील. शिवाय हंगामाआधी ३०० कूलरचा माल भरून ठेवायचा तर प्रत्येकी ६,००० प्रमाणे १८ लाख अडकतील. ते तीन महिन्यांसाठी वर्षाला १२ टक्के व्याजाने घेतले तर ५४ हजार व्याज. हाती राहतात १ लाख ७२ हजार. एकूण पाहता फायदा आहे.

आता फोनवरच्या जाहिरातींचा दुसरा निम्मा भाग, म्हणजे शेवटचे ७० कूलर, वेगळे काढून पाहा. त्यांच्यावर उरणार १ लाख ४० हजार. त्यांची जाहिरात ९३ हजारांची, मालावरचं व्याज साडेबारा हजार. शिल्लक जेमतेम ३४ हजार. तीही १०० चौकश्यांतून ६ कूलर हा अंदाज खरा ठरला तर. तो ४ वर आला की एका कूलरमागे जाहिरातच २,००० रुपयांची होते, म्हणजे जेवढे उरतात तेवढेच जातात आणि व्याज खिशातून. एप्रिलमध्ये दोन वादळी आठवडे आले तर हा दर ४ वर यायला काही लागत नाही, शिवाय ७० कूलरचा माल पावसाळाभर पडून राहील तो वेगळा.

म्हणून माझ्या मते या दुकानाने जानेवारीत २३० जादा कूलरचं उद्दिष्ट ठेवावं. सोसायटीच्या २० फेऱ्या पूर्ण, फोनवरच्या जाहिराती निम्म्या, फोनवरचा माणूस आणि फोटो तसेच. नव्या भागाचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार, एकूण ४ लाख ४० हजार. १,७३० कूलरच्या अपेक्षित विक्रीवर हे ३.२ टक्के होतात. टक्का इथे पुन्हा आला, पण या वेळी तो उत्तर म्हणून आला आणि त्याचा उपयोग तपासणीपुरता आहे. नेहमी ३ टक्के खर्च करणारं दुकान ३.२ वर गेलं तर काळजीचं कारण नाही. हाच आकडा ८ टक्के आला असता तर कुठला तरी दर चुकला आहे किंवा उद्दिष्टच झेपणारं नाही, असं समजून वही पुन्हा उघडायची. टक्क्याची पद्धत मी पूर्ण टाकाऊ मानत नाही ती यासाठीच. ज्या वर्षी नवा भाग नाही, नवा माल नाही, फक्त चालू धंदा चालू ठेवायचा आहे, त्या वर्षी तर टक्काच पुरेसा आहे आणि दुसऱ्या पद्धतीचे श्रम वाया जातील.

पैसे एकदम सोडायचे नाहीत

फोनवरच्या जाहिरातींचे ९३ हजार फेब्रुवारीत एका झटक्यात घालू नयेत. आधी ५०० चौकश्यांपुरते ४० हजार सोडावेत आणि पाहावं. काय पाहायचं, हे मात्र नीट ठरवलेलं हवं. फेब्रुवारीत चौकशी करणारा माणूस बऱ्याचदा मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये कूलर घेतो. तेव्हा मार्चच्या सुरुवातीला विक्री मोजून "नऊच गेले" म्हणत जाहिरात थांबवणं घाईचं आहे. त्या टप्प्यावर दुकानात किती जण आले ते मोजावं. ५०० पैकी १०० जण यायला हवे होते. ९०-११० असतील तर पुढचा हप्ता सोडावा. ५० च असतील तर आधी फोन उचलणाऱ्याची वही पाहावी: किती वेळात परत फोन गेला, किती जणांनी आधी भाव विचारला, किती जण त्या पट्ट्याबाहेरचे निघाले. बाहेरचे जास्त असतील तर जाहिरात दिसण्याची हद्द चुकली आहे. भाव ऐकून गप्प होणारे जास्त असतील तर जाहिरातीतच भाव लिहावा. चौकश्या घटतील, महाग होतील, पण पक्क्या येतील.

गाळलेल्या ७० कूलरचा निर्णय १५ मार्चला घ्यावा. तोवर हंगामाच्या सुरुवातीचा अंदाज आलेला असतो, दुकानात येणाऱ्यांचा दर खरा की खोटा ते कळलेलं असतं, आणि मोटर-पंप जास्त मागवायला वेळही उरलेला असतो. मे महिन्यात, नवतपा लागल्यावर, जादा जाहिरात करण्यात हशील नाही. त्या दिवसांत ज्याला कूलर हवा तो जवळच्या दुकानात जो तयार असेल तो घेतो, जाहिरात पाहत बसत नाही. महिन्याच्या विक्रीवर टक्का लावणारी दुकानं नेमकी इथे फसतात. मे महिन्याची विक्री सर्वांत मोठी, म्हणून मे महिन्याचं बजेटही सर्वांत मोठं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा गिऱ्हाईक मन बनवत असतो, तेव्हा हातात काहीच नाही.

दर कुठून आणायचे

उद्दिष्टाच्या पद्धतीची सगळी ताकद त्या दोन-तीन दरांत आहे, आणि कमजोरीही तिथेच. दर मनाने लिहिले तर ५ लाख ३४ हजार हा आकडा ३ टक्क्यांइतकाच पोकळ असतो, फक्त जास्त अभ्यासपूर्ण दिसतो. पहिल्या वर्षी अंदाजाला पर्याय नाही, पण त्याच वर्षी मोजणी सुरू करावी. सोसायटीच्या पत्रकावर एक फोन नंबर, फोनवरच्या जाहिरातीत दुसरा. बिलबुकात दोन रकाने वाढवायचे: राहता कुठे, आणि दुकान कसं कळलं. दुसऱ्या प्रश्नाला "असंच, माहीत होतं" हे उत्तर हमखास मिळतं, म्हणून पहिला प्रश्न जास्त कामाचा. राहण्याची जागा कोणी विसरत नाही. जो माणूस सोसायटीत कूलर पाहून गेला आणि नंतर जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला, तो दोन्हीकडे मोजला जातो. त्याचं नाव फोन नंबरवरून जुळवून एकाच खात्यात टाकावं, जिथे तो पहिल्यांदा भेटला त्या.

राहिला उन्हाचा प्रश्न. हंगाम कडक गेला तर बेस्यातली विक्री काही न करताही वाढली असती, मग जाहिरातीचं श्रेय किती? यासाठी एक भाग मुद्दाम मोकळा सोडावा, तशाच नव्या इमारतींचा पण लांबचा, जिथे या जाहिराती पोहोचणार नाहीत. उत्तरेकडचा झिंगाबाई टाकळी-गोधनीचा पट्टा चालेल. समजा, तिथून गेल्या वर्षी ६० कूलरची विक्री झाली होती आणि यंदा काहीही न करता ७२ झाली, म्हणजे २० टक्के वाढ. आणि मनीषनगर-बेसा-बेलतरोडीत १०० ची ३१० झाली. वरवर २१० कूलर जाहिरातीने आणले. पण २० टक्के वाढ उन्हाने तिथेही दिली असती, म्हणजे २० कूलर त्यातून वजा. जाहिरातीचे खरे १९०. २ लाख ८० हजारांना १९० ने भागलं की एका कूलरमागे, २१० ने भागून येणाऱ्या १,३३३ ऐवजी, सुमारे १,४७५ रुपये येतात. ६०-७२ सारख्या लहान आकड्यांत चार-पाच कूलर योगायोगाने इकडेतिकडे होतात, तेव्हा हा २० टक्क्यांचा आकडा ढोबळच धरायचा. तरीही पुढच्या जानेवारीत वहीत १,४७५ लिहावेत, आणि २,००० मधून ते वजा करून उरणाऱ्या ५२५ रुपयांत व्याज आणि जादा फिटरचा पगार बसतो का ते आधी पाहावं.